मृत्यू एक, कलमे चार



निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातली कितीतरी मुलं कायद्याच्या पदवीसाठी बेळगावला किंवा कोल्हापूरला जातात. परीक्षा जवळ आली की त्यांचं एकच गाऱ्हाणं असतं. कलमं पाठ आहेत, पण प्रश्नात एखादा प्रसंग दिला की नेमकं कोणतं कलम लावायचं ते कळत नाही. बहुतेकांची चूक एका ठिकाणी होते. प्रसंगात माणूस मेला आहे एवढं वाचलं की ते थेट खुनापर्यंत जातात, नाहीतर ‘अपघात’ म्हणून मोकळे होतात. कायदा आधी विचारतो की मारणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं.

एक खरा खटला सांगतो. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट, मुंबईत वांद्र्याचा कार्टर रोड. ॲलिस्टर परेरा नावाच्या तरुणाची भरधाव मोटार फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. तो दारू प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने त्याला हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी धरलं आणि सहा महिन्यांची साधी कैद दिली. उच्च न्यायालयाने मात्र तीच घटना सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागात बसवली आणि तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ही शिक्षा अपुरी आहे असंही न्यायालयाने म्हटलं, पण ती वाढवून मागणारं अपील सरकारने केलेलंच नव्हतं.

मोटार तीच, मेलेले तेच. फरक पडला तो परेराला काय ठाऊक होतं या एका मुद्द्यावर. मजुरांना मारायचा त्याचा इरादा होता, असं कुणीच म्हणत नव्हतं. पण पिऊन, वेगात, जिथे माणसं झोपलेली आहेत अशा जागी गाडी घातली, तर जीव जाण्याचा संभव आहे ही जाणीव त्याच्या माथी मारता येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण होऊन दारू प्यायलेल्याला ‘मला काही समजत नव्हतं’ असं म्हणता येत नाही. शुद्धीतल्या माणसाला जी जाणीव असती, तीच त्याला होती असं कायदा धरतो. मात्र ही सक्ती जाणिवेपुरतीच आहे. इरादा दाखवायचा तर तो प्रसंगातूनच सिद्ध करावा लागतो.

आता आपल्याकडचा एक प्रश्न घेऊ, अर्थात काल्पनिक. उसाचा हंगाम आहे. रात्री अकरा वाजता दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर तवंदी घाटाच्या अलीकडे हायवेवरच उभा आहे, कारण टायर पंक्चर झाला. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. कोल्हापूरकडून येणारा मोटारसायकलस्वार मागून धडकतो आणि जागीच मरतो.

पहिला प्रकार असा. रिफ्लेक्टर वाटेत कुठेतरी पडला आणि चालकाच्या ते लक्षातच आलं नाही. थांबल्यावर एक फेरी मारून बघायला हवं होतं, तेवढं त्याने केलं नाही. ही हयगय. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पोटकलम एक, जास्तीत जास्त पाच वर्षं.

आता एकच वाक्य बदलू. रिफ्लेक्टर नाही हे त्याला दिसलं, आणि ‘या वेळेला कोण येतंय’ म्हणून तो चहाला गेला. धोका दिसला, पण काही होणार नाही या भरवशावर तो पुढे गेला. हा बेदरकारपणा. कलम तेच राहतं. मात्र शिक्षा ठरवताना न्यायाधीश याच्याकडे अधिक कडक नजरेने बघतील.

आणखी एक वाक्य घाला. दहा मिनिटांपूर्वीच एक स्वार त्याच ट्रॉलीला धडकता धडकता वाचला. धाब्यावाल्याने ओरडून सांगितलं, ‘अरे, मागं निदान फांदी तरी टाक, कुणाचा तरी जीव जाईल.’ चालकाने ऐकलं आणि तो केबिनमध्ये जाऊन झोपला. इथे कलम १०५ चा दुसरा भाग पुढे येतो. मृत्यू संभवनीय आहे हे माहीत असूनही कृती, इरादा मात्र नाही, असा तो भाग. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. माझं मत विचाराल तर हा मुद्दा दोन्ही बाजूंनी लढवण्यासारखा आहे. धोका असणं निराळं आणि मृत्यू संभवनीय असणं निराळं. दिवा नसलेली ट्रॉली प्रत्येक वेळी जीव घेत नाही, असं बचाव पक्ष म्हणेल. नुकताच एक जण वाचला होता, याला सरकारी वकील धरून बसेल. उत्तरपत्रिकेत दोन्ही बाजू लिहा आणि मग आपला कौल द्या. परीक्षकाला तेच हवं असतं.

शेवटचा बदल. भाड्याच्या पैशावरून चालकाचं एकाशी भांडण झालं आणि त्याने ट्रॅक्टर त्याच्या अंगावर घातला. आता प्रश्न इराद्याचा झाला. पण इरादा कशाचा? इथे १८७६ चा गोविंदाचा खटला उपयोगी पडतो. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे तो निकाल देणारं मुंबई उच्च न्यायालय आपलंही न्यायालय होतं. अठरा वर्षांच्या गोविंदाने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे असं ठरवलं. मारण्याचा इरादा नव्हता, आणि मुठीच्या त्या ठोशांनी सामान्यतः मृत्यू होतोच असंही नव्हतं.

म्हणून आमच्या प्रश्नात बघायचं काय, तर मार कशाने आणि कुठे बसला. चाकाचा धक्का देऊन बाजूला केलं आणि तो डोक्यावर पडून मेला, तर खून ठरवणं अवघड. पडलेल्या माणसाच्या छातीवरून मुद्दाम चाक नेलं, तर जी इजा करायची होती ती इजाच मृत्यूला पुरेशी असते. मग कलम १०३, जन्मठेप किंवा फाशी. ‘मला फक्त जखमी करायचं होतं’ हे तिथे चालत नाही. मात्र भांडण अचानक पेटलं, आधी काही ठरलं नव्हतं, रागाच्या भरातच ते घडलं आणि चालकाने गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूरपणा केला नाही, असं सिद्ध झालं, तर अपवाद लागू होतो. मग तो १०५ च्या पहिल्या भागात उतरतो, कारण इरादा होताच. त्याची शिक्षा जन्मठेप, नाहीतर पाच ते दहा वर्षं. पण पडलेल्यावर चाक नेणाऱ्याला ‘क्रूरपणा केला नाही’ हे पटवणं कठीणच.

उत्तर लिहिताना आधी प्रसंगाची तारीख बघा. १ जुलै २०२४ पूर्वीचा गुन्हा असेल तर जुनी भारतीय दंड संहिताच लागू. तिथे हयगयीचं कलम ३०४-अ आहे आणि त्याची कमाल शिक्षा दोनच वर्षांची.