तारीख नसलेला तलाक

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुणांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



मी आलिम नाही, वकीलही नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस आहे. तलाकच्या विषयात शिरलो तो एका पत्रामुळे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या नावाने रजिस्टर पोस्टाने पत्र आलं. खालाने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बेटा, इसमें क्या लिख्या है, पढ़ के बोल."

पत्रात लिहिलं होतं की, पतीने गेल्या 15 नोव्हेंबरला दोन साक्षीदारांसमोर एक तलाक दिला आहे, इद्दतचा काळ संपला आहे, त्यामुळे आता पती-पत्नीचं नातं उरलेलं नाही आणि खर्चाची जबाबदारीही नाही. म्हणजे बहिणीला तलाक झाल्याची बातमी आठ महिन्यांनी मिळत होती. इद्दत सुरू कधी झाली आणि संपली कधी, हे तिला एकदमच कळत होतं.

तीन तलाक नव्हता, हे लक्षात घ्या. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी शायरा बानो खटल्यात रद्द ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. या पत्रात तर फिक्‌हमधली सर्वांत चांगली मानलेली पद्धत वापरल्याचा दावा होता. मग चूक कुठे होती? ते शोधताना मला जे समजलं, तेच आज सांगणार आहे.

आधी ही चांगली पद्धत नीट बघू. तिला तलाक-ए-अहसन म्हणतात. पत्नी पाकीच्या काळात, म्हणजे तुहरमध्ये असताना, आणि त्या तुहरमध्ये शरीरसंबंध आलेला नसताना, पती एकदाच तलाक म्हणतो आणि थांबतो. मग इद्दत सुरू होते. अट अशी का? एक तर पाळीच्या दिवसांतल्या चिडचिडीत किंवा दुराव्यात निर्णय होऊ नये. दुसरं, गर्भ आहे की नाही हे स्पष्ट राहावं. गर्भ असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत लांबते.

एक उदाहरण तारखांनी सोडवू. समजा, पाळी 28 डिसेंबरला संपली, त्यानंतर दोघं जवळ आलेले नाहीत आणि 10 जानेवारीला एक तलाक दिला गेला. पुढच्या पाळ्या 20 जानेवारी, 17 फेब्रुवारी आणि 17 मार्चला सुरू झाल्या आणि तिसरी 22 मार्चला संपली. आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. हनफी हिशोबात तीन पाळ्या पूर्ण व्हाव्या लागतात, म्हणून इद्दत 22 मार्चला संपली. एकूण 71 दिवस. कोकणातले आपले भाऊबंद शाफई आहेत. ते तीन तुहर मोजतात आणि पहिला तुहर तलाक दिला तोच धरतात, म्हणून त्यांच्याकडे ती 17 मार्चला, तिसरी पाळी सुरू होताच संपते. नोटिसांमध्ये सरसकट "90 दिवस" लिहिलेलं दिसतं. तीन महिन्यांचा हिशोब मुळात ज्या स्त्रियांना पाळी येत नाही त्यांच्यासाठी आहे, तोही चांद्र महिन्यांनी. बाकीच्यांची इद्दत तिच्या शरीरावर मोजली जाते, कॅलेंडरवर नाही. म्हणजे इद्दत मोजणारी व्यक्ती तीच असते. तिला सुरुवातच माहीत नसेल तर मोजणार कोण?

या 71 दिवसांत काय व्हायचं असतं? सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत इद्दत मोजायला सांगितलं आहे आणि त्या काळात पत्नीला घराबाहेर काढू नका, तिनेही निघू नये, असं म्हटलं आहे. कारणही तिथेच येतं: अल्लाह कदाचित पुढे एखादी नवी गोष्ट घडवून आणेल. एका छताखाली राहतात, एकाच चुलीवरचं खातात, मुलं दोघांच्या मध्ये झोपतात. अशात मन बदलतं. बदललं तर पती रुजू करू शकतो, म्हणजे तलाक मागे घेऊ शकतो. हनफी मतानुसार तोंडाने म्हटलं तरी चालतं, आणि पती-पत्नीसारखं जवळ आले तरी रुजू होतो. शाफई मतात शब्द लागतात. नवा निकाह लागत नाही.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. रुजू झाला की तलाक पुसला गेला, असं लोक समजतात. तसं नाही. संसार परत सुरू होतो, पण तीनपैकी एक संपलेला असतो. दहा वर्षांनी दुसरा दिला तर तो दुसराच धरला जातो. आणि इद्दत रुजूशिवाय संपली तर निकाह तुटतो, पण दार कायमचं बंद होत नाही. दोघांची इच्छा असेल तर नवा महर ठरवून पुन्हा निकाह करता येतो. त्यासाठी तिने मध्ये दुसऱ्याशी लग्न केलेलं असावं लागत नाही. दार बंद होतं ते तिसऱ्या तलाकने. तलाक-ए-हसनमध्ये एकेका तुहरात एकेक असे तीन दिले जातात, म्हणून तिथे तिसऱ्याबरोबर परतीचा रस्ता संपतो. अहसनला वरचा दर्जा आहे तो याचमुळे.

या सगळ्याच्या आधीची एक पायरी सूरह निसाच्या 35 व्या आयतीत आहे. फाटण्याची भीती दिसली की एक हकम त्याच्या घरातून आणि एक तिच्या घरातून नेमायचा. दोघांनी बसून समेटाचा प्रयत्न करायचा. या दोघांना किती अधिकार, यावर इमामांत मतभेद आहेत. मालिकी मतात हकम वेगळंही करू शकतात; हनफी मतात पती-पत्नींनी अधिकार दिल्याशिवाय नाही. पण त्यांनी बसायचं, यावर मतभेद नाही.

आता खालाच्या घरातल्या पत्राकडे परत येऊ. हकम? तिच्या बाजूने कुणाला विचारलंच नव्हतं. एका छताखाली राहणं? ती तेव्हा माहेरी होती. रुजूची संधी? ज्याच्याकडे रुजूचा अधिकार त्यालाच माहीत होतं की घड्याळ सुरू आहे. समजावणारा मामा नाही, रडणारी आई नाही, काहीच नाही. थांबण्याचा काळ कागदावर पूर्ण झाला होता, पण त्यातलं एकही काम झालं नव्हतं.

मला वाटलं होतं, ही आजकालच्या वकिलांची युक्ती असेल. मग हनफी फिक्‌हच्या पुस्तकांत सापडलं की ही युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे आणि फकीहांनी ती ओळखली होती. मूळ नियम असा की इद्दत तलाक दिल्यापासून सुरू होते, पत्नीला कळलेलं नसलं तरी. पण पती आज उठून "मी अमुक महिन्यांपूर्वीच तलाक दिला होता" असं म्हणाला, तर? नंतरच्या हनफी फकीहांनी फतवा दिला की अशा वेळी इद्दत त्याने कबूल केल्या दिवसापासून मोजायची, कारण मागची तारीख सांगण्यात संगनमताचा संशय आहे. म्हणजे मागची तारीख टाकून जबाबदारीतून सुटण्याचा रस्ता आपल्याच मजहबच्या लोकांनी बंद केला होता. आपण तो विसरलो.

आणि आपल्या शहरातल्या न्यायालयाने यावर काय म्हटलं, हेही ऐका. जालना रोडवरच्या औरंगाबाद खंडपीठात 2 मे 2002 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहीमबी हा निकाल दिला. पठाण लातूरचे. प्रश्न असा होता की पत्नीने पोटगी मागितल्यावर पतीने लेखी जबाबात किंवा साक्षीत "मी तिला पूर्वीच तलाक दिला आहे" असं म्हटलं, तर तेवढ्याने तलाक सिद्ध होतो का? न्यायालयाने सांगितलं, नाही. तलाक दिल्याची घटना तर पुराव्याने सिद्ध करावीच लागेल, पण त्याआधीच्या पायऱ्याही सिद्ध कराव्या लागतील: कारण काय होतं, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ नेमले होते का, त्यांनी समेटाचा प्रयत्न केला का आणि तो फसला का. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा धरली. तिथे पतीने 1990 मध्ये दाखल केलेल्या जबाबात 1987 च्या तलाकचा दावा केला होता. तो मान्य झाला नाही, आणि जबाब दाखल केला त्या तारखेपासूनही तलाक झाला असं मानायला न्यायालयाने नकार दिला.

बहिणीने पोटगीचा अर्ज केला. समोरून तेच पत्र आलं. आम्ही बसून तारखा लिहून काढल्या. तेव्हा तिनेच आठवण केली: डिसेंबरमध्ये दिराच्या लग्नाला नवरा स्वतः तिला घ्यायला आला होता. चार दिवस ती सासरी होती आणि दोघं नवरा-बायकोसारखेच राहिले होते. लग्नाच्या फोटोंत ती सासूच्या शेजारी उभी आहे. म्हणजे 15 नोव्हेंबरचा तलाक खरा मानला, तरी त्याने इद्दतच्या आत रुजू केला होता. त्याची तारीख त्याच्याच विरुद्ध गेली. साक्षीदारांना विचारलं तेव्हा कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, यावर दोघांची उत्तरं जुळली नाहीत. तलाक सिद्ध झाला नाही, पोटगी मंजूर झाली.

यात आपली बाजूही प्रामाणिकपणे बघायला हवी. या सगळ्या पायऱ्या पतीच्या तलाकला लगाम घालतात. त्या स्त्रीच्या हातात काही देत नाहीत. हनफी मतात खुलालाही पतीची संमती लागते. म्हणून तर 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा मालिकी मताचा आधार घेऊन झाला आणि स्त्रीला न्यायालयात जाण्याची कारणं मिळाली. तलाक-ए-तफवीज, म्हणजे तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवणं, निकाहनाम्यात लिहून घेता येतं. निकाहच्या दिवशी किती जण तो कागद वाचतात, ते तुम्हीच सांगा. आणि साक्षीदारांचं बघा. सूरह तलाकमध्ये दोन विश्वासू साक्षीदार सांगितले आहेत. शिया फिक्‌हमध्ये त्यांच्याशिवाय तलाक होत नाही. बहुतेक सुन्नी फकीह ते फक्त चांगलं मानतात. या सवलतीतूनच "घरात कुणी नसताना दिला होता" असे तलाक निघतात.

तेव्हा उद्या तुमच्या गल्लीत असा कागद आला आणि तुम्हाला वाचायला दिला, तर पाच गोष्टी विचारा. तलाकची तारीख कोणती आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कोणत्या तारखेचा? त्या दिवशी ती तुहरमध्ये होती का, हे तिला विचारा. त्या तारखेनंतर दोघं कधी एकत्र राहिले? तिच्या बाजूचा हकम कोण होता, त्याचं नाव सांगा. आणि कितवा तलाक? पाकीट फेकू नका. खालाने ते कचऱ्यात टाकायला काढलं होतं.

बहीण परत नांदायला गेली नाही. पुढच्या वर्षी दोन्ही घरची माणसं एकदाची समोरासमोर बसली. तिच्याकडून मामू होते, त्याच्याकडून त्याचे मोठे चुलते. तीन बैठका झाल्या, जुळलं नाही. मग दोघांच्या संमतीने मुबारात झाली, कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, महर आणि इद्दतचा खर्च हातात मिळाला. घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल केला आणि तिथून स्वतः मोजायला सुरुवात केली.