चालत्या प्रोग्रॅममधील चूक



सीबीएसईच्या बारावीतील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पायथॉन भाषेवरचा एक प्रश्न परिचयाचा असतो: वाक्यरचनेच्या चुका काढून प्रोग्रॅम पुन्हा लिहा आणि प्रत्येक दुरुस्ती अधोरेखित करा. कुठे अपूर्णविराम राहिलेला असतो, कुठे कंस उघडाच असतो. मुद्रितशोधकाची नजर असली की गुण पदरात पडतात. परंतु अशा चुका संगणक स्वतःच दाखवितो; त्या असेपर्यंत प्रोग्रॅम सुरूच होत नाही. खरी पंचाईत होते ती प्रोग्रॅम निमूटपणे चालून चुकीचे उत्तर देतो तेव्हा. यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम पाहावा:

```python
def motha(yadi):
    m = 0
    for x in yadi:
        if x > m:
            m = x
    return m
```

वाक्यरचना निर्दोष आहे. ७, १२, ५ ही यादी दिली तर उत्तर १२ येते. येथे ‘चूक शोधा’ एवढेच विचारले तर पाठांतरवाला विद्यार्थी `>` च्या जागी `>=` लिहून मोकळा होतो. त्याने काहीच सुधारत नाही. म्हणून प्रश्न असा असावा: ज्या यादीसाठी उत्तर चुकेल अशी एक यादी द्या, उत्तर काय येईल ते लिहा आणि कारण सांगा.

आता कागदावर एकेक पायरी चालावी लागते. लेहमधील हिवाळी तापमाने समजून −४, −९, −२ घेतली, तर `m` शून्यापासून निघतो. यांपैकी एकही संख्या शून्याहून मोठी नसल्याने तो हलतच नाही. उत्तर येते ०, आणि ही संख्या यादीत कुठेही नाही! ‘यादीत ऋण संख्या असली की चुकते’ असे लिहिणाऱ्याला मात्र पूर्ण गुण देऊ नयेत, कारण −४ आणि ७ या यादीचे उत्तर बरोबर ७ च येते. सगळ्याच संख्या ऋण असाव्या लागतात. हा ‘सगळ्याच’ शब्द उत्तरपत्रिकेत आला की विद्यार्थ्याने विचार केला असे परीक्षकाने खुशाल समजावे.

दुरुस्तीतही असाच भेद दिसतो. कोणी `m = -1000` लिहितो. त्याची चूक फक्त दूर सरकते, कारण −२००० आणि −३००० या यादीला पुन्हा तेच होते. `m = yadi[0]` लिहिणारा यादीतल्याच संख्येपासून सुरुवात करतो, ते योग्य. मात्र यादी रिकामी असेल तर तेथे प्रोग्रॅम `IndexError` देऊन थांबतो. मूळ प्रोग्रॅम निदान शून्य तरी देत होता. रिकाम्या यादीतील सर्वांत मोठी संख्या कोणती, याचा निर्णय विद्यार्थ्यावर ढकलणे अन्यायाचे आहे; यादी रिकामी नाही, हे प्रश्नातच लिहिलेले असावे.

अर्थात हाच प्रश्न दोन वर्षे आला की त्याचेही उत्तर वह्यांत उतरते. मग सर्वांत लहान संख्या विचारावी. तेथे `m = 0` ऋण यादीला चालून जाते आणि ७, १२, ५ ला फसते. पाठ केलेले उत्तर लिहिणारा तेथेही ऋण संख्याच लिहून येतो.