कोबाल्ट विभागाची मागणी
(विश्वस्त मंडळाच्या अंदाजपत्रकीय सभेत किरणोपचार विभागप्रमुखांनी केलेले निवेदन)



पडद्यावरील उतरती रेषा आमच्या कोबाल्ट यंत्राची आहे. यंत्र नादुरुस्त नाही. त्याच्या आतील कोबाल्ट-६० हा किरणस्रोत मात्र वापरा वा न वापरा, क्षीण होतच राहतो, ५.२७ वर्षांत त्याची तीव्रता निम्मी होते. दरमहा आमचे भौतिकतज्ज्ञ ती मोजून उपचाराचा वेळ नव्याने ठरवतात. त्यामुळे मात्रेत उणीव येत नाही, वेळ तेवढा वाढतो.

हिशेब उदाहरणाने सांगतो. समजा, नव्या स्रोतावर एका रुग्णाला दोन मिनिटे किरण द्यावे लागतात आणि त्याला नीट झोपवण्यास आठ मिनिटे जातात. सहा तासांत ३६ रुग्ण होतात. आठ वर्षांनी तेच दोन मिनिटांचे काम पावणेसहा मिनिटांवर जाते आणि रुग्ण २६ उरतात. राहिलेले दहाजण जत किंवा अथणीहून आलेले असतात, आणि त्यांना आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे यायचे असते. शिवाय घशाच्या रुग्णाला मुखवट्याखाली तेवढा वेळ खोकला आवरून निश्चल राहणे अवघड जाते. तो हलला की किरण ठरल्या जागेवरून ढळतात.

रेषीय प्रवेगक का मागत नाही, असे कोणी विचारील. तो आम्हांला हवाच आहे. पण त्याची किरणे अधिक भेदक असल्याने खोलीच्या भिंतींचा नव्याने विचार करावा लागेल, अखंड वीज आणि शीतजल लागेल. त्यासाठी वेगळा प्रस्ताव आणू. आज मागणी आहे ती नव्या स्रोताची.

खर्चाच्या पानावर केवळ स्रोताची किंमत नाही, याकडे लक्ष वेधतो. जुना स्रोत संरक्षक पात्रात घालून विल्हेवाटीसाठी परत पाठवण्याचा खर्चही त्यात धरला आहे. तो भंगारात देता येत नाही आणि रुग्णालयात पडूनही ठेवता येत नाही. तो वगळून मंजुरी दिल्यास काम अर्ध्यावर अडेल. खरेदीस अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगीही आवश्यक आहे.

एक गोष्ट वेळेची. बदलाच्या दिवसांत यंत्र बंद राहील आणि नव्या स्रोताची मोजणी पूर्ण होईपर्यंत एकाही रुग्णाला घेता येणार नाही. उपचारात मध्येच खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. म्हणून तारीख निश्चित झाली की तिच्या आधीचे सहा-सात आठवडे आम्ही दीर्घ उपचारांचे नवे रुग्ण येथे सुरू करणार नाही. त्यांना अन्य केंद्रांकडे पाठवू. हे नियोजन आम्हांला करता यावे, यासाठी मंजुरी याच सभेत मिळावी, अशी विनंती आहे.