मालवणी नाक आणि पोर्तुगीज क्रियापदं



कंपनीच्या कामासाठी मी आधी स्पॅनिश शिकले आणि नंतर लिस्बनला गेले. तिथे कायमच्या वास्तव्यासाठी पोर्तुगीजचं ए-टू पातळीचं प्रमाणपत्र लागतं. त्या परीक्षेला 'सिप्ले' म्हणतात. स्पॅनिश येणाऱ्याला वाचन सोपं जातं. अडतं ते बोलताना आणि ऐकताना.

'ते बोलतात' याला स्पॅनिशमध्ये 'आब्लान' म्हणतात आणि 'ते खातात' याला 'कोमेन'. दोन्हींच्या शेवटी स्वच्छ 'न' आहे. पोर्तुगीजमध्ये तिथे 'म' लिहितात, पण ओठ मिटत नाहीत आणि 'न'ही येत नाही. स्वर नुसता नाकातून जातो. लिस्बनचा उच्चार साधारण 'फालंव' आणि 'कॉमंय' असा होतो. वर्तमानकाळातल्या 'ते'च्या बहुतेक सगळ्या रूपांचे हे दोनच शेवट आहेत.

आता आपलं 'खंय चललंस?' म्हणून बघा. त्यातला 'खंय' म्हणजेच 'कॉमंय'चा शेवट. आजी 'गांव' आणि 'नांव' नाकात म्हणायची, त्यातला 'आं' थोडा आखडला की 'फालंव'चा शेवट झाला. पुण्यात कॉलेजला असताना याच नाकातल्या बोलण्यावर मुली हसायच्या, म्हणून मी ते घासून काढलं होतं. परीक्षेसाठी ते परत आणावं लागलं. गंमत म्हणजे आपला 'पाव' मूळचा त्यांचा 'पंव'. शब्द आपण घेतला, त्याचं नाक तेवढं सोडून दिलं.

उच्चार बरोबर आला का, हे ओळखायची खूण सोपी आहे. शब्द संपल्यावर जीभ दातांमागे टेकली असेल, तर तो स्पॅनिश 'न' झाला. ओठ मिटले असतील, तर लिहिलेला 'म' वाचला गेला. दोन्ही सुटे राहिले पाहिजेत.

एका ठिकाणी मात्र मालवणी कामाला येत नाही. 'ते बोलले' म्हणजे 'फलारंव' आणि 'ते बोलतील' म्हणजे 'फलरंव'. लिहिताना पहिल्याच्या शेवटी 'एएम' येतं, दुसऱ्याच्या शेवटी नागमोडी रेघेचा 'ए' आणि 'ओ'. कानाला दोन्ही शेवट एकच. स्पॅनिशमध्ये 'आब्लारोन' आणि 'आब्लारान' असा स्वरच बदलतो, म्हणून आपला कान शेवटाकडे लागलेला असतो. इथे फरक आघाताचा आहे. भूतकाळात जोर 'ला'वर येतो आणि तो 'आ' मोकळा राहतो. भविष्यकाळात जोर शेवटच्या 'रंव'वर जातो आणि मधला 'आ' आखडून 'ल' होतो. म्हणून शेवट सोडून मधल्या अक्षराकडे कान द्यायचा. 'ते डॉक्टरांशी बोलले' की 'बोलतील', हे तिथेच कळतं.

रोजच्या बोलण्यात लिस्बनचे लोक भविष्यासाठी बहुधा 'वंव फलार', म्हणजे 'बोलायला जातात', असंच म्हणतात. बोलताना मीही तेच वापरते. त्यात आघाताचा घोळ नाही, आणि 'वंव' तर थेट आजीच्या 'गांव'मधला आहे.