बायोडेटा मागितला, पण कागद कुठला द्यायचा?

(चेंबूर इथल्या गटप्रमुखांच्या बैठकीत केलेलं बोलणं)

कुठेही माहिती मागितली की आपण एकच शब्द वापरतो, बायोडेटा. आणि तो बहुतेक लग्नाचा असतो: उंची, रास, जात, मामाचं गाव. नोकरीसाठी यातलं काहीच लागत नाही. म्हणून आधी एक विचारायचं, हा कागद वाचून समोरच्याला काय ठरवायचंय?

समजा, सुनीताताईंना शाळेच्या कँटीनमध्ये काम हवंय. शाळेला ठरवायचंय की हे काम यांना जमेल का. इथे लागतो रेझ्युमे. एकच पान, अलीकडचं काम वर. शिक्षण कमी असेल तर ते खाली लिहा, काम आधी. "स्वयंपाक येतो" एवढ्याने काही कळत नाही. "2019 पासून रोज 40 डबे, खरेदी आणि हिशेब स्वतः" असं लिहिलं की कळतं.

याच रेझ्युमेच्या डोक्यावर दोन-तीन ओळी असतात, तो सारांश. तो वेगळा कागद नाही. लिहायचा सगळ्यात शेवटी, कारण खाली जे आहे त्यातलं या कामाला लागणारं तेवढंच वर घ्यायचं. "मी मेहनती व प्रामाणिक आहे" ही ओळ कुणाच्याही नावावर चालते, म्हणून ती काढा. "40 डब्यांचा अनुभव, सकाळी सहापासून काम करू शकते" ही ओळ फक्त सुनीताताईंची आहे. काम बदललं की सारांशही बदलायचा.

आता सुनीताताईंना मेळाव्यात बोलायला बोलावलं. सूत्रसंचालकाला त्यांची ओळख करून द्यायची आहे. हा बायो, म्हणजे अल्पपरिचय. तो "मी" ने नाही, "त्या" ने लिहायचा, चार-पाच वाक्यांत, मोठ्याने वाचता येईल असा. उदाहरणार्थ: "राहीबाई पोपेरे या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. शाळेत न जाता त्यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली. 2020 चा पद्मश्री त्यांना जाहीर झाला." बघा, तीन वाक्यांत माणूस उभा राहतो. जन्मतारीख नाही, पत्ता नाही.

राहिलं प्रोफाइल. सरस प्रदर्शनात स्टॉल हवा असेल तर माहिती गटाची लागते: गट कधी सुरू झाला, सदस्य किती, बचत व कर्जफेड कशी, माल कोणता, महिन्याला किती निघतो. रेझ्युमे दर अर्जासाठी नव्याने लिहायचा, प्रोफाइल मात्र एकदा करून दर तीन महिन्यांनी आकडे बदलायचे. जुने आकडे राहिले तर मोठी ऑर्डर येते आणि माल पुरत नाही.

एक सांभाळा. आधार आणि बँक खात्याचा नंबर यातल्या एकाही कागदावर लिहायचा नाही. तो लागलाच तर वेगळ्या फॉर्मवर, कशासाठी हवाय ते विचारून.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या कामाच्या पाच ओळी आणा, आकड्यांसकट. त्यातूनच आपण रेझ्युमे आणि बायो दोन्ही करू.