जास्वंदीची पाकळी उठून दिसावी म्हणून

मध्यंतरी आमच्या गटाने उशीच्या सहा अभ्र्यांवर क्रॉस स्टिचची गुलाबी जास्वंद भरली. जवळून छान वाटायची, पण चार हात लांबून नुसता गुलाबी डाग! गिऱ्हाइकाने सहाही अभ्रे परत केले.

चूक टाक्यांत नव्हती, दोऱ्यांत होती. शेडकार्डावरच्या अगदी शेजारशेजारच्या तीन छटा आम्ही घेतल्या होत्या. लडी हातात असताना त्यांतला फरक कळतो, बारीक फुलीत मात्र तो विरून जातो.

आता आम्ही आधी मधली छटा ठरवतो. मग तिच्या दोन्ही बाजूंची एकेक छटा सोडून पुढची फिकी आणि पुढची गडद घेतो. तिन्ही लड्या शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढतो. त्यात तीन वेगवेगळे करडे पट्टे दिसले, तर निवड बरोबर. दोन सारखेच दिसले, तर त्यांतली एक लडी बदलतो.

भरताना गडद दोरा पाकळीच्या बुडाशी लावतो. जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते, तिथे खालचीवरही गडदच, आणि वरचीची कड फिकी. त्यानेच वरची पाकळी पुढे आल्यासारखी दिसते. बाकी सगळा भाग मधल्या छटेचा. मॅटी पांढरी असेल तर फार फिका दोरा घेऊ नका, पाकळीची कड कापडातच हरवते.

आधी दोनच पाकळ्या भरा, कापड भिंतीला लावा आणि चार हात लांबून बघा. पाकळ्या वेगळ्या दिसल्या, तरच पुढचं फूल भरायला घ्या.