कमानीखालची जमीन आणि कमानीवरचा कागद



अंबरनाथजवळच्या आमच्या मोरिवलीतील एका शेजाऱ्यांनी गतवर्षी परसात रोपांसाठी लहानसे हरितगृह उभारावयाचे ठरविले. जागा ४ मीटर रुंद आणि १० मीटर लांब. दुकानात गेल्यावर त्यांनी हिशेब केला तो जमिनीचा. रुंदी ४ मीटर, दोन्ही अंगांस दुमडावयास पाव-पाव मीटर, म्हणून साडेचार मीटर रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद त्यांनी आणला. घरी आल्यावर ध्यानात आले की, ठरविलेल्या दीड मीटर उंचीच्या कमानीवर तो मुळीच पुरत नाही. नळ्या अद्याप वाकवावयाच्या होत्या. तेव्हा गृहस्थांनी कागद न बदलता कमानच बदलली. तिची उंची त्यांनी ६० सेंटिमीटरवर आणली आणि कागद कसाबसा बसविला.

जुलै महिन्यात जे व्हावयाचे तेच झाले. कडेला पकडीपुरताही कागद नीट उरला नव्हता. तो सैल झाला, दोन कमानींच्या मधे झोळ पडला आणि त्यात पाणी साचले. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल एवढे पाणी म्हणजे १०० लिटर. अर्थात १०० किलोचे ओझे. एका रात्री कागद फाटला व रोपे गेली. यंदा त्यांनी मला हिशेबास बोलाविले. तोच हिशेब आज आपणांपुढे मांडतो.

पहिला प्रश्न कमानीच्या लांबीचा. अंगणात खडूने ४ मीटरची सरळ रेघ ओढा. तिच्या मध्यावर दीड मीटर उंचीचा लंब काढा, आणि त्या शेंड्यापासून रेघेच्या टोकापर्यंत दोरी ताणा. २ मीटर आणि दीड मीटर या काटकोनी बाजू असल्यामुळे दोरी बरोबर अडीच मीटर भरते. आता हायगेन्स या डच गणितज्ञाने १६५४ साली प्रसिद्ध केलेला नियम लावा. दोरीची आठपट करा, तीतून रुंदी वजा करा आणि बाकीला तिनाने भागा. २० वजा ४ म्हणजे १६; भागिले ३ म्हणजे ५.३३ मीटर. सूक्ष्म गणिताने उत्तर ५.३६ येते. हा नियम किंचित कमीच सांगतो, म्हणून तीन-चार सेंटिमीटर वाढवून धरावे. कमान पुरे अर्धवर्तुळ असेल, तर याची गरजच नाही. रुंदीला ११ ने गुणून ७ ने भागावे.

आता नळ्या. जस्ताचा मुलामा दिलेली नळी ६ मीटर लांबीची मिळते. कमानीत ५.३६ मीटर गेले, उरले ६४ सेंटिमीटर; म्हणजे प्रत्येक टोकाला ३२ सेंटिमीटर सरळ भाग. हा वाया जात नाही. तो खांबाच्या नळीत वरून सरकवून बोल्टाने पक्का करावयाचा. यासाठी खांबाच्या नळीचे भोक कमानीच्या नळीच्या बाहेरील व्यासाहून किंचित मोठे हवे, हे खरेदीच्या वेळी एक नळी दुसरीत घालूनच पाहावे. शेजाऱ्यांच्या ६० सेंटिमीटर उंचीच्या कमानीची लांबी सुमारे ४.२४ मीटर होती. तिलाही एकेक अखंड नळी लागलीच! कमान बसकी केल्याने एकही नळी वाचली नव्हती.

कमानी दर २ मीटरवर घ्यावयाच्या. १० मीटरांत अंतरे ५, पण कमानी ६. शाळेतील मुले इथे हमखास चुकत, आणि मोठी माणसेही चुकतात. ६ कमानींना खांब १२. प्रथम मी खांब २.१० मीटरचा धरला होता. ६० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये व दीड मीटर वर. १२ खांबांचे २५.२ मीटर झाले. ६ ने भागल्यास ४.२, म्हणून ५ नळ्या पुरतील असे वाटते. परंतु ६ मीटरच्या नळीतून २.१० चे दोनच तुकडे निघतात. म्हणजे लागणार ६ नळ्या. खांब केवळ १० सेंटिमीटरने कमी करून २ मीटरचा केला, तर एका नळीतून तीन निघतात आणि ४ नळ्यांत काम भागते. म्हणून एकूण लांबीला नळीच्या लांबीने भागू नये. एका नळीतून तुकडे किती निघतात ते मोजावे.

शेंड्यावर एक आणि खांबांच्या माथ्यावर दोन, अशा १० मीटरच्या तीन आडव्या नळ्यांना ५ नळ्या लागतात. जोड कमानीपाशीच यावेत. चारही कोपऱ्यांत वाऱ्यासाठी तिरपे टेकू हवेत. २ मीटर अंतर व १.४० मीटर उंची यांचा कर्ण २.४४ मीटर, एका नळीत दोन, म्हणून २ नळ्या. त्यांतून उरलेले दोन तुकडे दारांच्या वरच्या पट्टीस येतात. दोन्ही तोंडांच्या दारांचे उभे खांब ३ मीटरचे चार. त्यांस आणखी २ नळ्या. कमानींच्या ६ धरून बेरीज १९ नळ्या झाली.

कागदाचा हिशेब आता सोपा आहे. कमान ५.३६ मीटर, दोन्ही कडांस पकडीसाठी व पाणी बाहेर पडावे म्हणून ३०-३० सेंटिमीटर; रुंदी ६ मीटर घ्यावी. लांबी १० मीटर व दोन्ही टोकांस ३०-३० सेंटिमीटर, म्हणजे १०.६०. तोंडांवरील दोन कमानी झाकावयास २.१० मीटरचे दोन तुकडे धरले की, एकंदर १४.८०, १५ मीटर आणावा. ६ मीटर रुंदीने हे ९० चौरस मीटर होते. जमीन मात्र ४० चौरस मीटरच आहे!

कागद २०० मायक्रॉन जाडीचा आहे की नाही, हे काटा सांगतो. त्या जाडीच्या ९० चौरस मीटरचे वजन सुमारे साडेसोळा किलो भरावयास हवे. साडेबारा भरले, तर हातात १५० मायक्रॉनचा कागद आहे असे समजावे. कागद चढवावयाचा तो वारा पडलेला असताना, सौम्य उन्हात. थंडीत ताणलेला कागद दुपारी सैल पडून फडफडतो, आणि फडफडणारा कागद नळीवर घासून फाटतो.

उरली शेडनेट. आमच्या दमट हवेत बाजू कागदाने बंद करू नयेत. तेथे जाळीच हवी. चहूबाजूंची बेरीज २८ मीटर, उंची १.४०, वरखाली पकड धरून २ मीटर रुंदीची २९ मीटर जाळी पुरते. आत खांबांच्या माथ्यावर ओढावयाचा पडदा मात्र जमिनीएवढाच, ४ बाय १०. जाळी ३ मीटर रुंदीची असल्यास उभ्या दोन पट्ट्यांना २०.८० मीटर लागते. आडव्या चार पट्ट्यांना, प्रत्येकी ४.४० प्रमाणे, १७.६० मीटर. म्हणून ती आडवी घालावी. पडदा सरकता ठेवावा. जुलैच्या अंधारलेल्या दिवसांत तो ताणलेलाच राहिला, तर रोपे उजेडासाठी लांबट व किरकोळ वाढतात.

शेजाऱ्यांनी यंदा खडूच्या रेघेवर ठेवूनच कमानी तपासून घेतल्या. कारण वाकविलेली नळी यंत्रातून सुटताच थोडी उलगडते. पहिली कमान रुंदीत चार बोटे जास्त भरली होती. ती तेव्हाच पुन्हा वाकविली, आणि मगच कागद आणावयास ते बाजारात गेले.